अनुभवाच्या नोंदीपासून केस स्टडीपर्यंत: यूएक्स डिझायनरने एकच दावा दोन ठिकाणी कसा मांडावा

यूएक्स डिझायनरचा पोर्टफोलिओ पाहणारी व्यक्ती पोर्टफोलिओच्या मुखपृष्ठावरूनच आत येईल, असे गृहीत धरता येत नाही. भरती करणारी व्यक्ती आधी लिंक्डइनवरील प्रोफाइल उघडते, सध्याच्या किंवा मागच्या नोकरीची नोंद वाचते, त्या नोंदीखाली जोडलेली लिंक दाबते आणि थेट एखाद्या केस स्टडीच्या पानावर पोहोचते. त्या वेळी तिच्या मनात नोंदीतले एक वाक्य ताजे असते आणि ते वाक्य खरे आहे का, त्यात या डिझायनरचा नेमका वाटा किती, हे तिला पाहायचे असते. पान उघडल्यावर त्या वाक्याचा मागमूस नसेल, तर चांगल्या कामाचेही श्रेय पदरात पडत नाही.

म्हणून या लेखात केस स्टडी आणि अनुभवाची नोंद ही दोन वेगळी कामे मानलेली नाहीत. दावा एकच असतो. केस स्टडीत तो पुराव्यासह सविस्तर येतो आणि नोंदीत दोन-तीन वाक्यांत येतो. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि ते समजावण्यासाठी एक उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. हे उदाहरण रचलेले आहे, त्यातले आकडेही रचलेले आहेत. मात्र त्यातली कामाची पद्धत दूधधंद्याशी संबंध असलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल.

उदाहरण असे. पुण्यातील एक कंपनी दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. गावातील संकलन केंद्रावर शेतकरी सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. दुधाचे लिटर, फॅट, एसएनएफ म्हणजे फॅट वगळता उरलेले घनपदार्थ, दर आणि रक्कम यांची पावती त्याला मिळते आणि दर दहा दिवसांनी बिल निघते. बिलातून पशुखाद्य, उचल वगैरेंची कपात होते. कंपनीला शेतकऱ्यांसाठी मोबाइल ॲप करायचे आहे. संघात एक प्रॉडक्ट मॅनेजर, दोन डेव्हलपर आणि एकच डिझायनर आहे. ती डिझायनर म्हणजे या लेखातील तुम्ही.

पहिला टप्पा: कोणते काम निवडावे

निवडीची कसोटी सोपी ठेवावी. ज्या कामात तुमच्या एका निर्णयामुळे उत्पादनाची दिशा बदलली आणि तो निर्णय का घेतला हे तुम्ही पुराव्यासह सांगू शकता, ते काम केस स्टडीला योग्य. स्क्रीन देखण्या आहेत, ग्राहक मोठा आहे किंवा काम अगदी अलीकडचे आहे, ही कारणे त्यानंतरची. दूध ॲपच्या कामात लॉगिनचे पान, पावतीची यादी, बिल, सूचना अशी वीसेक पाने तुम्ही केली असतील. पण निर्णय म्हणावा असा एकच होता. संघाने फॅटचा आलेख करायचे ठरवले होते आणि तुम्ही पहिल्या आवृत्तीत आलेखाऐवजी कपातीचा हिशेब आणला. केस स्टडी त्याचीच होईल. उरलेली एकोणीस पाने त्यात येणार नाहीत, हे आधीच मान्य करावे, कारण पुढे लिहिताना प्रत्येक पान आत घुसण्याचा प्रयत्न करते.

अशा दोन-तीन केस स्टडी पुरेशा असतात. त्यांतील प्रत्येक केस स्टडी अनुभवाच्या कोणत्या नोंदीखाली जाणार, हेही निवडतानाच लिहून ठेवावे. एकाच नोकरीतली तीनही कामे घेतली, तर आधीच्या नोकऱ्यांच्या नोंदी आधाराविना उरतात. अभ्यासक्रमात केलेला काल्पनिक प्रकल्प मात्र नोकरीच्या नोंदीखाली घालू नये. लिंक्डइनवर प्रकल्पांसाठी स्वतंत्र विभाग आहे आणि तेथे तो प्रकल्प संबंधित शिक्षणसंस्थेशी जोडता येतो.

दुसरा टप्पा: लिहिण्याआधीची जुळवाजुळव

केस स्टडी आठवणीतून लिहिली की ती सरधोपट होते. काम संपल्यावर माणसाला निकाल आठवतो आणि त्याआधीची अनिश्चितता विसरली जाते. वाचणाऱ्याला नेमकी तीच पाहायची असते. म्हणून आधी कागद गोळा करावेत: कामाची मूळ मागणी ज्या ईमेलमध्ये किंवा दस्तऐवजात आली तो मजकूर, मुलाखतींच्या टिपणांतील तुमची कच्ची वाक्ये, फेटाळलेले आराखडे, फिग्मा फाइलच्या जुन्या आवृत्त्या आणि प्रसिद्धीनंतरचे जे काही मोजमाप उपलब्ध असेल ते. नोकरी सोडल्यानंतर यांतले काहीच हाती राहत नाही. त्यामुळे काम चालू असतानाच तारीखवार टिपण ठेवावे आणि त्यांतले काय बाहेर नेता येते, हे व्यवस्थापकाला लेखी विचारून घ्यावे.

दूध ॲपच्या बाबतीत हाती आलेली सामग्री अशी आहे. मूळ मागणीत लिहिले होते की शेतकऱ्यांचा फॅटवर विश्वास बसत नाही, म्हणून त्यांना फॅटचा आलेख दाखवावा. तुम्ही बिलाच्या दिवशी तीन केंद्रांवर बसलात आणि शेतकरी केंद्राच्या सचिवांना जे प्रश्न विचारत होते ते नोंदवत गेलात. असे 41 प्रश्न नोंदले गेले. त्यांतील 26 कपातीचे होते: पेंडीचे पोते कोणत्या तारखेला नेले, उचल किती फिटली, याच महिन्यात दोनदा का कापले. फॅटचे प्रश्न नऊ होते आणि सहा इतर. केस स्टडीचा कणा याच नोंदवहीत आहे.

तिसरा टप्पा: केस स्टडीचे लेखन

वाचणारी व्यक्ती नोंदीतून आली आहे, हे लक्षात ठेवून पानाची सुरुवात करावी. शीर्षकात उत्पादनाचे नाव आणि त्यापुढे ‘केस स्टडी’ असे शब्द लिहून काही साधत नाही. शीर्षक म्हणजे निर्णयच असावा. ‘दूध बिलातील कपात आधीच दाखवल्याने बिलाच्या दिवशीचे प्रश्न कमी झाले’ या शीर्षकात समस्या, उपाय आणि परिणाम तिन्ही आले आहेत. त्याखाली चार गोष्टी साध्या ओळींत द्याव्यात: तुमची भूमिका, संघात कोण होते, कामाचा कालावधी आणि उत्पादनाची आजची स्थिती. शेवटची गोष्ट बहुतेक जण लिहीत नाहीत. काम प्रसिद्ध झाले, चाचणीपुरते राहिले की मध्येच थांबले, हे न सांगितल्यास वाचणारी व्यक्ती ते प्रसिद्ध झाले असे समजते आणि मुलाखतीत खरे कळल्यावर बाकीच्या मजकुरावरचाही तिचा भरवसा कमी होतो.

त्यानंतर कथन सुरू करावे. येथे प्रक्रियेच्या पाच अवस्थांची आकृती टाकण्याचा मोह टाळावा. ती आकृती कोणत्याही प्रकल्पावर बसते, त्यामुळे या प्रकल्पाबद्दल ती काहीही सांगत नाही. त्याऐवजी मूळ मागणी काय होती, प्रत्यक्षात काय आढळले आणि या दोहोंतील अंतरामुळे तुम्हाला काय ठरवावे लागले, असा क्रम ठेवावा. दूध ॲपसाठी पहिला परिच्छेद पुढीलप्रमाणे होईल.

> “संघाकडे आलेली मागणी फॅटच्या आलेखाची होती. आराखडे करण्याआधी मी बिलाच्या दिवशी तीन संकलन केंद्रांवर बसून शेतकऱ्यांचे प्रश्न लिहून घेतले. 41 पैकी 26 प्रश्न कपातीचे आणि नऊ फॅटचे होते. फॅटची शंका शेतकरी दूध घालतानाच बोलून मोकळा होत असे. कपात मात्र त्याला बिल हाती आल्यावर पहिल्यांदा दिसत असे. म्हणून पहिल्या आवृत्तीत आलेख न करता कपातीची नोंद ती होते त्याच दिवशी दाखवावी, असा प्रस्ताव मी मांडला.”

या परिच्छेदात ‘वापरकर्त्यांशी सखोल सहानुभूती साधली’ असे एकही वाक्य नाही, तरीही डिझायनर केंद्रावर गेली होती, तिने काय ऐकले आणि त्यातून कोणता निष्कर्ष काढला, हे सारे कळते. ‘मी’ आणि ‘आम्ही’ यांचा वापरही काटेकोर आहे. प्रश्न मी नोंदवले, प्रस्ताव मी मांडला. पण पुढे निर्णय झाला तो संघाचा आणि तेथे ‘आम्ही’ लिहावे लागेल. संपूर्ण केस स्टडीत ‘आम्ही’ असेल तर तुमचा वाटा कळत नाही. सगळीकडे ‘मी’ असेल तर, चार जणांच्या संघाचा उल्लेख वर आलेला असल्याने, ते पटत नाही.

यापुढचा भाग फेटाळलेल्या पर्यायाचा असावा. माझ्या मते केस स्टडीतला सर्वांत मोलाचा परिच्छेद हाच असतो आणि बहुतेक पोर्टफोलिओंत तो नसतोच. येथे पहिला आराखडा असा होता: प्रत्येक कपातीपुढे ‘मान्य’ आणि ‘अमान्य’ अशी दोन बटणे. कागदावर तो पारदर्शक वाटला. पण केंद्राच्या सचिवांना तो दाखवल्यावर लक्षात आले की ‘अमान्य’ झालेली प्रत्येक नोंद मिटेपर्यंत बिल अडकेल, आणि बिलाला एक दिवस उशीर झाला तरी त्या दिवशीच्या पैशांवर अवलंबून असलेल्या घराची पंचाईत होते. शिवाय बटण दाबलेच नाही तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हा प्रश्न उरला. म्हणून तो पर्याय सोडला आणि ‘शंका आहे’ असे एकच बटण ठेवले. ते दाबल्यावर नोंद सचिवांच्या यादीत जाते, बिल मात्र थांबत नाही, आणि शंका खरी निघाल्यास पुढच्या बिलात रक्कम परत जमा होते. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांना त्याच मजकुराचा एसएमएस जातो.

या परिच्छेदासोबत दोन चित्रे पुरतात: सोडलेला आराखडा आणि स्वीकारलेला आराखडा, शेजारी शेजारी. चित्राखालच्या ओळीत ‘कपातीची स्क्रीन’ असे नाव न देता त्या चित्रात काय पाहायचे ते लिहावे, जसे की ‘उरलेली उचल प्रत्येक नोंदीखाली दिली, कारण शेतकरी तोच आकडा विचारत होते’. तिरक्या ठेवलेल्या फोनच्या चौकटींत बारा स्क्रीन एकत्र दाखवल्या, तर वाचणाऱ्याच्या मोबाइलवर त्यांतले एकही अक्षर वाचता येत नाही. ज्या भागाबद्दल बोलत आहात तेवढाच भाग कापून मोठा दाखवावा. मजकूर सातशे ते हजार शब्दांत बसावा. त्याहून वाढत असेल तर बहुधा दुसरा निर्णय त्यात शिरलेला असतो.

चौथा टप्पा: परिणाम आणि आकडे

परिणाम लिहिताना आकडा कशातून निघाला, तो कोणी व कधी मोजला आणि त्याच काळात आणखी काय बदलले, या तिन्ही गोष्टी सांगाव्या लागतात. दूध ॲपच्या उदाहरणात नेमकी अडचण येथेच आहे. ॲप सुरू झाल्यानंतरच्या तिसऱ्या बिलाला तुम्ही पुन्हा प्रश्न मोजायला गेलात. पण तीनपैकी एका केंद्राने मधल्या काळात पशुखाद्य रोखीने विकायला सुरुवात केली होती. तेथे कपातच कमी झाली, त्यामुळे प्रश्न कमी झाले ते ॲपमुळे असे म्हणता येणार नाही. ते केंद्र वगळून उरलेल्या दोन केंद्रांची तुलना करावी लागेल. त्या दोन केंद्रांवर आधी 29 प्रश्न होते, त्यांतील 18 कपातीचे. नंतर 17 प्रश्न आले, त्यांतील सहा कपातीचे. म्हणजे इतर प्रश्न आधीही अकरा होते आणि नंतरही अकराच राहिले. घट झाली ती केवळ कपातीच्या प्रश्नांत.

हे आकडे लहान आहेत, तरीही ते पटतात, कारण ज्याला हात लावला तेच बदलले आणि ज्याला लावला नाही ते तसेच राहिले. याच निकालाचे ‘तक्रारींत 67 टक्के घट’ असे रूप केले तर गणित चुकत नाही, पण वाचणाऱ्याला तो आकडा हजारो वापरकर्त्यांचा वाटतो. पाया लहान असेल तेव्हा टक्केवारी देऊ नये. अठराचे सहा झाले, असेच लिहावे. एक केंद्र का वगळले, हेही त्याच परिच्छेदात सांगावे. असा खुलासा वाचल्यावर मुलाखत घेणारी व्यक्ती पुढचा प्रश्न शंकेने न विचारता कुतूहलाने विचारते.

मोजमापच नसेल तर ते नाही असे लिहून, जे प्रत्यक्ष घडले ते नोंदवावे: डेव्हलपरांनी आराखडा कोणत्या बदलांसह बांधला, वापर-चाचणीत किती जणांपैकी किती जणांना काम पूर्ण करता आले, संघाने कोणता निर्णय मागे घेतला. प्रसिद्धीपूर्वी थांबलेल्या कामातही हे असते. मात्र चाचणीत आढळलेली गोष्ट प्रसिद्धीनंतरचा परिणाम म्हणून मांडू नये.

पाचवा टप्पा: गोपनीयतेचा करार असेल तेव्हा

करारावर सही केली असेल तर काय झाकायचे हे स्वतःच्या अंदाजाने ठरवू नये. करारातील कलम वाचावे आणि कंपनीची लेखी संमती घ्यावी. संमती मिळते तेव्हाही ग्राहकाचे नाव, खरे आकडे आणि अप्रकाशित स्क्रीन सहसा वगळाव्या लागतात. अशा वेळी संस्थेचे नाव काढून ‘पश्चिम महाराष्ट्रातील दूध संस्थांसाठीचे ॲप’ असे लिहिता येते आणि स्क्रीन साध्या रेषांत नव्याने काढता येतात. चित्रातला मजकूर केवळ धूसर केलेला नसावा, कारण धूसर अक्षरे अनेकदा ओळखता येतात; त्या जागी दुसराच मजकूर टाकावा. खऱ्या शेतकऱ्याचे नाव, खाते क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक करार असो वा नसो, कोणत्याही चित्रात राहता कामा नये.

केस स्टडी पासवर्डखाली ठेवायची असेल, तर पासवर्डची खिडकी दिसण्याआधीच शीर्षक, भूमिका आणि तीन ओळींचा सारांश वाचता यायला हवा. नुसती रिकामी चौकट दिसली तर पासवर्ड मागण्याचे कष्ट फारच थोडे जण घेतात. पासवर्ड सार्वजनिक प्रोफाइलमध्ये लिहू नये. तो अर्जासोबतच्या ईमेलमध्ये द्यावा.

सहावा टप्पा: अनुभवाच्या नोंदीतील सारांश

लिंक्डइनवर एका नोकरीच्या वर्णनासाठी दोन हजार अक्षरांची मर्यादा आहे. पण वाचणाऱ्याला सुरुवातीला पहिल्या काही ओळीच दिसतात आणि पुढचे पाहण्यासाठी वर्णन उलगडावे लागते. त्यामुळे कंपनी काय करते याची ओळख पहिल्या ओळीत खर्ची घालू नये. बहुतेक नोंदी पुढीलप्रमाणे असतात.

> “मोबाइल ॲपसाठी यूएक्स संशोधन, वायरफ्रेम, प्रोटोटाइप आणि वापर-चाचण्यांची जबाबदारी सांभाळली. विविध विभागांशी समन्वय साधून वापरकर्ता-केंद्रित अनुभव निर्माण केला.”

यात खोटे काही नाही. परंतु हीच दोन वाक्ये दुसऱ्या कोणत्याही डिझायनरच्या नोंदीत तशीच ठेवली तरी कोणाला कळणार नाही. केस स्टडीतून उतरवलेली नोंद कशी दिसेल ते पाहा.

> “दूध संस्थांसाठीच्या शेतकरी ॲपची एकमेव डिझायनर. बिलाच्या दिवशी तीन संकलन केंद्रांवरील प्रश्न नोंदवून, मागणीतील फॅटच्या आलेखाऐवजी कपातीची त्याच दिवशी नोंद दाखवण्याचा प्रस्ताव मांडला. तुलना करता आलेल्या दोन केंद्रांवर कपातीचे प्रश्न एका बिलामागे 18 वरून सहावर आले. केस स्टडी: दूध बिलातील कपात.”

पहिल्या वाक्यात भूमिका आणि व्याप्ती, दुसऱ्यात पुरावा आणि निर्णय, तिसऱ्यात मर्यादेसह परिणाम, आणि शेवटी खाली जोडलेल्या लिंकचे नाव. इंग्रजीत नोंद लिहिणाऱ्यांनीही हाच सांगाडा ठेवावा. येथे एक खबरदारी महत्त्वाची आहे: नोंदीत असा एकही शब्द नसावा ज्याचा आधार केस स्टडीत नाही. ‘तुलना करता आलेल्या दोन केंद्रांवर’ हे शब्द जागा वाचवण्यासाठी काढावेसे वाटतील. पण ते काढले की नोंद एक सांगते आणि केस स्टडी दुसरे, आणि नोंद जास्त बोलते हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

नोंद लिहून झाल्यावर ती उलट दिशेने तपासावी. नोंदीतील प्रत्येक दाव्याखाली रेघ ओढून तो केस स्टडीत कोठे सापडतो ते पाहावे. ‘एकमेव डिझायनर’ हे शीर्षकाखालच्या चार ओळींत सापडते, ‘तीन केंद्रे’ पहिल्या परिच्छेदात, ‘18 वरून सहा’ परिणामांत. एखादा दावा सापडत नसेल तर तो नोंदीतून काढावा किंवा केस स्टडीत त्याचा पुरावा द्यावा. तसेच पहिले दोन दावे पानाच्या वरच्या भागातच सापडायला हवेत, कारण नोंदीतून आलेली व्यक्ती ते शोधत लांबवर खाली जाणार नाही.

एकाच नोकरीत दोन केस स्टडी असतील तर दोन स्वतंत्र परिच्छेद करावेत आणि त्यांचा क्रम खालच्या लिंकांच्या क्रमाशी जुळवावा. केस स्टडी नसलेल्या नियमित कामाला, उदाहरणार्थ डिझाइन सिस्टिमच्या देखभालीला, शेवटी एक ओळ पुरते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनी प्रत्येक ग्राहकाची वेगळी नोंद न करता एकच नोंद ठेवून तिच्यात कामे मांडावीत. सहा-सहा आठवड्यांच्या आठ नोंदी पाहिल्या की नोकऱ्या सतत बदलल्याचा भास होतो.

सातवा टप्पा: लिंक जोडणे

अनुभवाच्या वर्णनात लिहिलेला वेबपत्ता दाबता येईल यावर विसंबू नये. तो साधा मजकूर म्हणून राहतो. म्हणून नोंद संपादित करताना खाली असलेल्या ‘Media’ या भागातून लिंक जोडावी. तेथे लिंकचे शीर्षक आणि वर्णन बदलता येते. शीर्षकात केस स्टडीचे तेच नाव लिहावे जे नोंदीच्या शेवटी आले आहे, म्हणजे ‘दूध बिलातील कपात’. वाक्य, लिंक आणि पानाचे शीर्षक या तिन्ही ठिकाणी एकच नाव दिसले की आपण योग्य जागी आलो हे वाचणाऱ्याला लगेच कळते. ‘माझा पोर्टफोलिओ’ अशी एकच लिंक प्रत्येक नोंदीखाली लावली तर ती व्यक्ती मुखपृष्ठावर जाऊन पडते आणि तेथून ते काम तिलाच शोधावे लागते. मुखपृष्ठाची लिंक संपर्काच्या माहितीत द्यावी. सर्वांत भक्कम केस स्टडी मात्र ‘Featured’ या विभागातही ठेवावी.

लिंक जोडल्यावर दिसणारे छोटे चित्र आणि शीर्षक तुमच्या पानावरील ओपन ग्राफ टॅगमधून घेतले जाते. वेबसाइट तयार करण्याच्या साधनांत यासाठी शेअरिंगच्या चित्राची वेगळी सोय असते. पान स्वतः लिहिले असेल तर पुढील ओळी पानाच्या शीर्षभागात हव्यात.

```html
<meta property="og:title" content="दूध बिलातील कपात">
<meta property="og:description" content="शेतकरी ॲपसाठी यूएक्स केस स्टडी">
<meta property="og:image" content="https://example.com/kapat.png">
```

चित्र 1200 बाय 627 पिक्सेलचे ठेवावे आणि त्यात पूर्ण स्क्रीन न दाखवता एकच मोठा तुकडा दाखवावा, कारण प्रोफाइलमध्ये ते अगदी लहान दिसते. नंतर चित्र बदलले तरी जुनेच दिसत राहिले, तर लिंक्डइनच्या पोस्ट इन्स्पेक्टरमध्ये पानाचा पत्ता टाकावा. तो पानाची माहिती नव्याने वाचतो. तेवढ्यानेही नोंदीतले चित्र बदलले नाही, तर जुनी लिंक काढून पुन्हा जोडावी.

पत्त्याबाबतही विचार करावा. प्रत्येक केस स्टडीला स्वतःचा, वाचता येण्याजोगा आणि न बदलणारा पत्ता हवा. तो तुमच्या डोमेनवर असेल तर उद्या पोर्टफोलिओ दुसऱ्या साधनावर हलवला तरी प्रोफाइलमधल्या आणि रेझ्युमेच्या पीडीएफमधल्या लिंका तशाच चालतात. फिग्माच्या प्रोटोटाइपची लिंक केस स्टडीऐवजी देऊ नये. तिच्यात कथन नसते, मोबाइलवर ती उघडायला वेळ लागतो, आणि परवानग्या नीट लावल्या नसतील तर पाहणारी व्यक्ती मूळ फाइलपर्यंत जाऊन सहकाऱ्यांच्या टिप्पण्यांसह सगळे काही पाहू शकते. प्रोटोटाइप दाखवायचाच असेल तर केवळ तेवढ्या स्क्रीनची वेगळी फाइल करून ती केस स्टडीतून जोडावी.

आठवा टप्पा: तपासणी

सगळे जोडून झाले की ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत प्रत्येक केस स्टडीचा पत्ता उघडावा. तुम्ही लॉगिन असताना उघडणारी गूगल ड्राइव्हची फाइल किंवा फिग्माचे पान तेथे परवानगी मागू लागले, तर बाहेरच्या व्यक्तीलाही तेच दिसणार आहे. ही चूक स्वतःच्या लॅपटॉपवर कधीच दिसत नाही, म्हणून ती महिनोन्महिने तशीच राहते. नंतर स्वतःच्या मोबाइलवर प्रोफाइल उघडून, वाय-फाय बंद करून, नोंदीतूनच लिंक दाबावी. चित्रे येईपर्यंत पान पांढरे राहत असेल तर चित्रांचे आकार कमी करावेत. मजकूर आधी दिसला पाहिजे.

शेवटची तपासणी दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्यावी. डिझाइन क्षेत्रातील सहकाऱ्याला अनुभवाची नोंद वाचायला द्यावी, लिंक दाबायला सांगावे आणि मिनिटभराने पान बंद करून दोनच प्रश्न विचारावेत: यात मी काय ठरवले आणि ते कशाच्या आधारावर? ‘तू दूधवाल्यांसाठी ॲप केलेस’ एवढेच उत्तर आले, तर शीर्षक आणि पहिला परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल. ‘आलेखाऐवजी कपात आणलीस, कारण लोक तेच विचारत होते’ असे उत्तर आले, तर पान तयार आहे. सहकाऱ्याला निर्णय कळला पण तुमचा वाटा कळला नाही, असे झाल्यास दोष बहुधा ‘आम्ही’ या शब्दाचा असतो आणि ती दुरुस्ती तासाभरात होते.

यानंतर बदल करायचे ते दोन्ही ठिकाणी एकदम करावेत. वर्षभराने ॲप आणखी केंद्रांवर गेले आणि नवा आकडा हाती आला, तर तो आधी केस स्टडीत त्याच्या पायासह लिहावा, तारीख टाकावी आणि मग नोंदीतले वाक्य बदलावे. ॲप बंद पडले तर स्थितीची ओळ बदलावी. नोकरी सोडताना कंपनीची संमती कोणत्या मजकुरासाठी होती ते पुन्हा पाहावे आणि संमतीचा ईमेल स्वतःच्या खात्यात जपून ठेवावा, कारण कंपनीचे खाते बंद झाल्यावर तो तुम्हाला मिळणार नाही.